डब्यावरची १३ तारीख: रिव्ह्यूतली चुकीची माहिती ग्राहकाला न दुखावता कशी दुरुस्त करावी

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की आमच्या दुकानात बाहेरगावची गर्दी वाढते. काम आटोपून स्टेशनकडे निघालेला माणूस घाईघाईनं संत्रा बर्फीचे दोन डबे घेतो, बॅगेत कोंबतो आणि गाडी पकडतो. डबा उघडतो तो पुण्या-मुंबईला घरी पोचल्यावर. तेव्हा काही खटकलं तर दुकानात येऊन विचारायची सोय त्याला नसते. मग तो गूगलवर लिहितो.

असाच एक रिव्ह्यू आम्हाला आला. तारा एकच, आणि मजकूर असा:

> १४ डिसेंबरला बर्फी घेतली. घरी येऊन पाहिलं तर डब्यावर तारीख १३ डिसेंबर. मुदत संपलेला माल बाहेरगावच्या लोकांना खपवतात. काउंटरवरचा मुलगा नीट बोलला नाही. चवही गोडमिट्ट. सावध राहा.

खाली डब्याचा फोटो होता आणि त्यात १३ डिसेंबर स्वच्छ दिसत होतं. ती बर्फी पॅक केल्याची तारीख होती. मुदत २३ डिसेंबरपर्यंत होती. म्हणजे ग्राहकाला मिळालेला माल आदल्या दिवशीचा, ताजा होता, आणि जगाला दिसत होतं की आम्ही शिळं विकतो.

खाण्याच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. ते दुरुस्त करायलाच हवं, पण ज्यानं लिहिलं तो खोटारडा नव्हता. त्यानं जे पाहिलं ते लिहिलं. या दोन गोष्टी एकाच उत्तरात कशा सांभाळायच्या, ते याच रिव्ह्यूवरून टप्प्याटप्प्यानं सांगतो.

आधी रिव्ह्यूचे तुकडे करा

रिव्ह्यू एका दमात वाचला की सगळाच खोटा वाटतो. म्हणून तो कागदावर उतरवून घ्या आणि एकेका वाक्यापुढे लिहा: ही माहिती आहे, की या माणसाचा अनुभव आहे?

आमच्या रिव्ह्यूत तपासून खरंखोटं करता येईल असं एकच वाक्य होतं, मुदत संपल्याचं. ‘गोडमिट्ट’ ही त्याची जीभ सांगते. तिथे आमची जीभ वेगळी असली तरी त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. ‘मुलगा नीट बोलला नाही’ हा त्याचा अनुभव आहे, त्यावर ‘नाही, तो नीटच बोलला’ असं म्हणायला तुम्ही त्या काउंटरपाशी उभे नव्हतात. ‘बाहेरगावच्या लोकांना खपवतात’ हा आमच्या हेतूवरचा आरोप आहे, आणि तो मुदतीच्या वाक्यावर उभा आहे. खालचं वाक्य सरळ झालं की वरचा आरोप आपोआप पडतो, त्याला वेगळा हात लावायचा नाही.

म्हणजे चार तक्रारींपैकी दुरुस्ती फक्त एकीची करायची. इथेच पुष्कळ दुकानदार घसरतात. एक गोष्ट खरोखर चुकीची सापडली की त्या जोरावर बाकीच्या तीनही खोडून काढतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की यांना कुठलीच तक्रार मान्य नाही. मग खरी दुरुस्तीही कोणी मानत नाही.

ग्राहक बरोबर असेल तर? हे आधी बघा

उत्तर लिहायच्या आधी एक तास तपासात घालवा. ‘आपल्याकडे असं होतच नाही’ हा तपास नव्हे. ग्राहकाचं म्हणणं खरं असायचं असेल तर काय घडलेलं असायला हवं, असा विचार करून तेवढंच शोधायचं.

आमच्याबाबतीत तीन शक्यता होत्या. एक, जुन्या लॉटचा डबा मागे राहून चुकून विकला गेला. दोन, डबा ताजा, पण स्टिकर चुकीचं लागलं. तीन, स्टिकर बरोबर, पण ते वाचताना घोटाळा झाला. पहिल्या दोन खऱ्या निघाल्या असत्या तर हा दुरुस्तीचा विषयच नव्हता. मग माफी मागायची, पैसे परत द्यायचे आणि त्या लॉटचे बाकीचे डबे उचलायचे.

मी भट्टीवरची वही काढली. १३ तारखेला किती डबे भरले ते तिच्यात होतं. १४ तारखेच्या संध्याकाळची बिलं पाहिली. मग त्याच लॉटचा शिल्लक डबा मागवला आणि ग्राहकानं धरला असेल तसा हातात धरून पाहिला. या शेवटच्या गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. आमच्या स्टिकरवर दोन ओळी असतात, वर पॅकिंगची तारीख आणि खाली मुदतीची. डब्यावरून जी सोनेरी रिबन जाते ती बरोबर खालच्या ओळीवर बसत होती. वरच्या तारखेच्या आधी पॅकिंगसाठी इंग्रजीतली तीन बारीक अक्षरं, तीही पुसट. दुकानात आम्ही रोज ते पाहतो म्हणून आम्हाला कळतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डब्यावर एकच तारीख दिसते, आणि डब्यावर एकच तारीख असली तर ती मुदतीचीच, असं कोणीही धरेल. मीही धरलं असतं.

पॅकबंद खाद्यपदार्थावर पॅकिंगची किंवा बनवल्याची तारीख आणि मुदत, दोन्ही लिहाव्या लागतात. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढेही १ ऑक्टोबर २०२० पासून ‘कधीपर्यंत उत्तम’ ती तारीख लावणं बंधनकारक केलं होतं. पण छापणं आणि दिसणं यात फरक आहे. आमच्या बाजूनं नियम पाळला होता आणि तरी ग्राहकाला मुदत दिसली नव्हती. उत्तराचा सगळा सूर या शोधातून ठरला.

तपासात काहीच हाती लागलं नाही, असंही होतं. बिल सापडत नाही, फोटो नाही, तारीखही लिहिलेली नाही. अशा वेळी ठाम दुरुस्ती करू नका. आपल्या नोंदीत जे दिसतं तेवढंच लिहा आणि डब्याचा फोटो पाठवायची विनंती करा. आज ठासून सांगितलं आणि उद्या त्यानं फोटो टाकला, तर पहिल्या रिव्ह्यूनं झालं नसेल तेवढं नुकसान तुमच्या उत्तरानं होईल.

पहिलं उत्तर लिहा, पण पाठवू नका

दुकानाचा फोन माझा भाचा सांभाळतो. रिव्ह्यू वाचून तो म्हणाला, “मामा, हा माणूस तर सरळ खोटं बोलून राहिला!” आणि दोन मिनिटांत त्यानं हे लिहून दाखवलं:

> अहो साहेब, रिव्ह्यू टाकण्याआधी डबा नीट वाचायचा तरी होता. १३ ही पॅकिंगची तारीख आहे, मुदत खाली लिहिलेलीच आहे. इतक्या वर्षांत आम्ही असा माल कधी विकलाच नाही. कृपया गैरसमज पसरवू नका.

यातली तारखेची माहिती बरोबर आहे. पण हे उत्तर लागलं असतं तर मी आजही पस्तावलो असतो.

आपल्या भाषेत अपमान करायला शिवी लागत नाही, एक ‘च’ पुरतो. ‘मुदत खाली लिहिलेली आहे’ ही माहिती झाली. ‘लिहिलेलीच आहे’ म्हटलं की त्यात ‘तुला दिसलं कसं नाही’ हे आलंच. ‘वाचायचा तरी होता’ मधला ‘तरी’, ‘आम्ही तर सांगितलं होतं’ मधला ‘तर’, सुरुवातीचा ‘अहो’, हे सगळे तेच काम करतात. तोंडानं बोलताना हसून त्यांची धार कमी करता येते, लिहिलेल्यात ते हसू दिसत नाही. म्हणून उत्तर लिहून झालं की त्यातले च, तर, तरी आणि अहो शोधायचे आणि एकेक काढून वाक्य पुन्हा वाचायचं. अर्थ तोच राहतो, राग जातो. सगळ्यात जास्त फरक मला याच एका गोष्टीनं पडलेला दिसला आहे.

दुसरी खूण कर्त्याची. दुरुस्तीच्या वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ असेल तर ते बोट दाखवणं होतं: ‘तुम्ही चुकीची तारीख वाचली’, ‘तुमचा गैरसमज झाला’. ‘गैरसमज’ हा शब्द सभ्य वाटतो, पण चार लोकांसमोर कोणाला ‘तुमचा गैरसमज झालाय’ म्हणून पाहा, त्याचा चेहरा उतरतो. कर्ता वस्तूला करा: ‘१३ डिसेंबर ही पॅक केल्याची तारीख आहे.’ या वाक्यात कोणी चुकलेलं नाही, तारखेबद्दल माहिती तेवढी मिळते.

‘गैरसमज पसरवू नका’ आणि त्याच्या पुढची पायरी, ‘कायदेशीर कारवाई करू’, ही वाक्यं कधीच लिहू नयेत. ज्यानं एक तारा दिला तो त्यामुळे मागे हटत नाही, आणि ज्याला दुकानात यायचं होतं तो बिचकतो.

खरं उत्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रिबनची जागा बदलली. ती डब्याच्या एका कडेनं जाईल अशी बांधायला सांगितली, आणि स्टिकरवाल्याला मराठी शब्दांची नवी छपाई दिली. मग हे उत्तर लावलं:

> नमस्कार. डब्यावर दिसणारी १३ डिसेंबर ही बर्फी पॅक केल्याची तारीख आहे. खाण्याची मुदत २३ डिसेंबरपर्यंत आहे. मुदतीची ओळ स्टिकरवर खाली असते आणि आमची रिबन नेमकी तिच्यावर येत होती, म्हणून फोटोत ती दिसत नाही. एकच तारीख दिसल्यावर काळजी वाटणं साहजिक आहे. आजपासून रिबन कडेला बांधतो आहोत आणि तारखांपुढे मराठीत पूर्ण शब्द छापून घेतो आहोत. काउंटरवर आपल्याशी नीट बोलणं झालं नाही, त्याबद्दल क्षमस्व. काही शंका उरली असेल तर दुकानाच्या नंबरवर फोन करावा, मी स्वतः बोलेन. (दुकानाचा मालक)

ओळी या क्रमानं का लावल्या, ते सांगतो.

माहिती पहिल्या दोन वाक्यांत आहे. फोनवर रिव्ह्यू चाळताना लांब उत्तराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकी उघडून वाचावं लागतं. ‘आपण वेळ काढून अभिप्राय दिलात त्याबद्दल आभारी आहोत’ यात पहिली ओळ गेली तर वाचणारा दुरुस्तीपर्यंत पोचत नाही. गूगल लांबलचक उत्तराची मुभा देतं. ती वापरायची गरज नाही, सत्तर-ऐंशी शब्द पुरतात. उत्तर लांबत गेलं की ते सफाई दिल्यासारखं वाटू लागतं.

दोन्ही तारखा शेजारी-शेजारी दिल्या आहेत, कारण वाचणारा फोटोशी ताडून पाहणार. ‘आमचा माल नेहमी ताजा असतो’ हे त्याला ताडता येत नाही. दुरुस्ती करताना विशेषणं टाळावी आणि पडताळता येईल अशी गोष्ट द्यावी.

तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चूक का झाली याचं कारण त्यात आहे आणि ते कारण आमच्या रिबनमध्ये आहे. यामुळे ग्राहकाला मागे फिरायला वाट मिळते. त्याला ‘मी चुकलो’ म्हणावं लागत नाही, ‘हो, रिबन होती खरी’ एवढंच म्हणायचं असतं. पण हे कारण खरं असेल तरच लिहा. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून खोटा दोष स्वतःवर घेतलात तर पुढचा ग्राहक त्याच दोषावर बोट ठेवेल.

‘साहजिक आहे’ हे वाक्य लिहिताना एक खबरदारी घ्या. त्याच्यामागे ‘पण’ येता कामा नये. ‘काळजी वाटणं साहजिक आहे, पण नीट पाहिलं असतं तर’ असं झालं की आधीचं सगळं पुसलं जातं.

काउंटरवरच्या मुलाबद्दल मी त्यालाही विचारलं होतं. त्या संध्याकाळी रांग दारापर्यंत होती, त्याला कोणाशी काय बोललो ते आठवत नव्हतं. म्हणून दिलगिरी साधी, एका वाक्यात, आणि मुलाचा उल्लेख न करता. गोडमिट्ट चवीबद्दल मी काहीच लिहिलं नाही. ते ग्राहकाचं मत आहे, ते तिथे राहू दे.

उत्तरात काय नाही, तेही बघा. बिल नंबर नाही, रक्कम नाही, ग्राहकाचं नाव नाही, त्यानं आणखी काय घेतलं ते नाही. बिलावरून माणूस सापडला तरी ते चारचौघांत दाखवायचं नसतं. “आपण १४ तारखेला ७ वाजून १० मिनिटांनी आलात आणि दोन डबे घेतलेत” हे वाचून ग्राहकाला आपल्यावर पाळत ठेवल्यासारखं वाटेल. दवाखाना किंवा पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्यांनी तर समोरचा आपल्याकडे आला होता, एवढंही उत्तरात कबूल करू नये. त्यांनी आपली सर्वसाधारण पद्धत सांगावी आणि बाकी फोनवर बोलावं.

भाषा रिव्ह्यूची धरावी. नागपुरात पुष्कळ रिव्ह्यू हिंदीत येतात. हिंदी रिव्ह्यूला मराठीत उत्तर दिलं तर ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते परकं वाटतं. काउंटरवर आपण ‘हो भाऊ’, ‘या न जी’ म्हणतो, ते तिथे गोड लागतं. लेखी दुरुस्तीत मात्र अनोळखी माणसाला साधं ‘आपण’ बरं.

लावण्याआधी एकदा मोठ्यानं

उत्तर लावण्याआधी मी ते रिव्ह्यूसकट शेजारच्या स्टेशनरीवाल्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांना प्रकरण माहीत नव्हतं. त्यांना दोनच प्रश्न विचारले: बर्फी शिळी होती का? आणि ज्यानं लिहिलं तो माणूस कसा वाटला? त्या म्हणाल्या, “शिळी नव्हती. आणि त्याला बिचाऱ्याला खालची तारीख दिसलीच नाही ना.” दोन्ही उत्तरं अशी आली की समजावं, जमलं. पहिल्याचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर दुरुस्ती धूसर झाली आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘माणूस भांडखोर दिसतो’ आलं तर एखादा ‘च’ अजून आत राहिला आहे.

मुदतीसारखा आरोप असेल तर उत्तराला एका दिवसापेक्षा जास्त उशीर करू नका. रागात असाल तर रात्र जाऊ द्या, पण आठवडा नको. तोवर तो रिव्ह्यू एकटाच वाचला जात असतो.

उत्तर लागल्यावर

गूगलवर मालकाला एका रिव्ह्यूखाली एकच उत्तर देता येतं. ते नंतर बदलता येतं. ग्राहकाला त्याची सूचना जाते, पण त्याला खाली प्रत्युत्तर लिहिता येत नाही, फार तर तो आपला मूळ रिव्ह्यू बदलतो. म्हणजे ही चर्चा नव्हे. पुढे बोलायचं असेल तर फोन, म्हणूनच उत्तरात फोनचं आमंत्रण ठेवायचं.

त्यानं फोन केला तर तारे वाढवायला सांगू नका. ‘रिव्ह्यू काढा, एक डबा फुकट पाठवतो’ हे तर अजिबात नको. रिव्ह्यू बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि ते बोलणं ग्राहकानं जसंच्या तसं लिहून टाकलं तर त्यावर उत्तर नसतं.

भाच्यानं मध्येच विचारलं होतं, “आपण हा रिव्ह्यू रिपोर्ट काऊन नाही करत?” रिपोर्ट करायचा तो शिवीगाळ असेल, दुसऱ्याच दुकानाबद्दल लिहिलेलं असेल, किंवा स्पर्धकानं खोटा टाकला असेल तेव्हा. ग्राहक आणि दुकानदार यांच्यात घटनेबद्दल मतभेद असेल तर गूगल त्यात पडत नाही. ग्राहक प्रामाणिकपणे चुकला असेल तेव्हा उत्तर हाच मार्ग उरतो.

आणि ते उत्तर देऊनही काहीच हललं नाही, असं पुष्कळदा होतं. रिव्ह्यू तसाच राहतो, एक तारा तसाच राहतो. तरी उत्तराचं काम चालू असतं, कारण पुढच्या अधिवेशनाला येणारा माणूस दोन्ही एकाखाली एक वाचतो. आम्हाला त्याची खूण फोनवर मिळाली. रिव्ह्यू आला त्या दिवशी दोघांनी फोन करून “माल ताजा असतो ना?” असं विचारलं होतं. उत्तर लागल्यानंतर एका बाईंनी विचारलं, “ती रिबन बदलली का हो तुम्ही?”

त्या ग्राहकानं पाच-सहा दिवसांनी रिव्ह्यू बदलला. मुदतीचं वाक्य आणि ‘सावध राहा’ निघालं, तारे दोन झाले. ‘चव गोडमिट्ट’ आणि काउंटरची तक्रार तशीच राहिली. आमचं जुनं उत्तर तसंच ठेवलं असतं तर त्यानं स्वतः काढून टाकलेली चूक आम्ही जगाला दाखवत बसलो असतो. म्हणून त्याच दिवशी तारखांचा सगळा भाग काढला आणि एवढंच ठेवलं:

> नमस्कार. काउंटरवर आपल्याशी नीट बोलणं झालं नाही, त्याबद्दल क्षमस्व. कमी गोड हवं असेल तर पुढच्या वेळी घेण्याआधी चव पाहायला जरूर मागा. (दुकानाचा मालक)